सुजाताची बावीस तारीख

प्रश्न : मी एक लघुकथा लिहितेय. नायिका सुजाता, नाशिकची, पूर्वी अकाउंट्समध्ये होती, दोन मुलांसाठी अकरा वर्षं घरी. उद्या तिची पहिली मुलाखत. आरशासमोर साडी, छातीत धडधड, मुलाखतीत ‘घर सांभाळणं हाही अनुभवच’ असं बाणेदार उत्तर, शेवटी नोकरी. वाचणारे म्हणतात, ‘छान आहे, पण आधी कुठेतरी वाचल्यासारखी वाटते.’ तयारीचा भाग खरा कसा करू?

आरसा काढून टाका आणि जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर ठेवा.

मी पंचवीस वर्षं कारखान्यांच्या अकाउंट्समध्ये काढली, त्यातली निम्मी मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला बसून. कथाही लिहिते, म्हणून दोन्हीकडचं बोलू शकते. तुमची सुजाता शिक्षिका असती किंवा नर्स असती, तरी मसुद्यातलं एकही वाक्य बदलावं लागलं नसतं. ती अकाउंटंट आहे हे तुम्ही पहिल्या परिच्छेदात सांगता आणि पुढे विसरून जाता. उद्या तिच्यासमोर कोणी काय ठेवणार आहे, त्यातलं तिला काय येतं आणि काय येईनासं झालंय, हे तुम्हाला माहीत झालं की धडधड लिहावीच लागणार नाही.

आधी तारखा पक्क्या करा. समजा ती २००६ साली बी.कॉम. झाली, नाशिकच्याच एका करसल्लागाराच्या ऑफिसात लागली आणि २०१३ मध्ये मुलगी झाली तेव्हा तिने काम सोडलं. तेव्हा महाराष्ट्रात व्हॅट होता. कारखान्यांना त्यावर एक्साइज, परराज्यातून माल आणला तर सीएसटी, सेवांवर सर्व्हिस टॅक्स. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि यातलं जवळजवळ सगळं एका रात्रीत इतिहासजमा झालं. त्या दिवशी ती घरी होती, दुसरं मूल तान्हं होतं. अकाउंट्समधल्या प्रत्येकाला तो जुलै आठवतो. तिला आठवत नाही, आणि तुमच्या कथेतली अकरा वर्षांची पोकळी त्या एका महिन्यात मावते. ‘जग पुढे निघून गेलं होतं’ असं वाक्य तुम्ही लिहिलंय ना, त्याच्या जागी हा जुलै आणा.

मुलाखत ठेवा २२ ऑगस्ट २०२४, गुरुवार. २२ का, तर महिन्याच्या ११ तारखेला विक्रीचं विवरणपत्र, म्हणजे जीएसटीआर-वन, जातं आणि २० तारखेला थ्री-बी, ज्यावर कर भरायचा. विसाच्या आत कुठलाही अकाउंट्स हेड मुलाखत घ्यायला मोकळा नसतो. एकविसाला तो दम खातो, बाविसाला उमेदवार बोलावतो. हे कथेत समजावून सांगू नका. फोनवर ‘वीसनंतर या’ एवढंच येऊ द्या. सुजाताला ‘वीसनंतर का’ हे पहिल्यांदा फोन आला तेव्हा कळत नाही आणि चार दिवसांनी कळतं, एवढ्यातच तिची तयारी कुठवर आली ते दिसतं.

आता ती नेमकं काय करते ते पाहू. अंबड एमआयडीसीतला छोटा कारखाना असेल, तर अकाउंटंटच्या मुलाखतीत गप्पा कमी असतात. कॉम्प्युटरपुढे बसवतात, हातात पाच-सहा बिलं देतात आणि म्हणतात, ‘एवढी टॅलीत टाका.’ वीस मिनिटं. म्हणजे तिला टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर हात बसवायचाय. ती सोडून गेली तेव्हा टॅली ईआरपी नाइन होतं, २०२० च्या नोव्हेंबरात टॅली प्राइम आलं. लायसन विकत घेणं तिला परवडत नाही. पण टॅली प्राइम फुकट डाउनलोड करून शिकण्यापुरतं, एज्युकेशनल मोडमध्ये, चालवता येतं. त्यात एक अट असते: नोंदी महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांना करता येतात. दुसरी तारीख टाकली की टॅली ती घेत नाही.

मला वाटतं तुमची अख्खी कथा या अटीत आहे. मुलं झोपल्यावर, ओटा पुसून झाल्यावर, एक बाई रोज रात्री अशा महिन्याचे हिशेब लिहितेय ज्यात तीनच दिवस आहेत. खरेदी एक तारखेला, विक्री दोनला, पगार एकतीसला. बाकीच्या दिवसांना तिला प्रवेश नाही. हे रूपक म्हणून कुठेही उलगडून सांगू नका. दोनदा दाखवा, शेवटी मी सांगते तिथे तिसऱ्यांदा, बस्स.

बोटांचंही लिहा. `F9` दाबलं की खरेदी, `F8` दाबलं की विक्री, हे जुन्या टॅलीतही होतं आणि नव्यातही आहे. त्यामुळे पहिल्या रात्री तिला आनंद होतो. डोक्याला आठवायच्या आत करंगळीशेजारचं बोट जाऊन बसलेलं असतं. मग ती माल परत आल्याची क्रेडिट नोट करायला जाते. जुन्या टॅलीत त्यासाठी `Ctrl+F8` होतं. ती तेच दाबते आणि समोर सेल्स ऑर्डरचा पडदा उघडतो, कारण प्राइममध्ये क्रेडिट नोट `Alt+F6` वर गेलीय. मसुदा असा काहीसा होऊ शकेल:

‘तिने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. आपल्या घरात रात्री दिवा न लावता पाणी प्यायला जावं आणि माठाच्या जागी दुसरंच काही हाताला लागावं, तसं झालं. माठ हलवलेला होता. कधी हलवला, कोणी हलवला, तिला विचारायलाही कोणी नव्हतं.’

असा एक परिच्छेद पुरतो. यापेक्षा जास्त बटणं दिलीत तर वाचक गळतो.

यानंतर कथेला एक चूक हवी आणि ती अज्ञानातून आलेली नको. अज्ञानातून चूक झाली तर वाचकाला नुसती कीव येते. चूक अशी हवी की जी फक्त पूर्वी उत्तम काम केलेल्या माणसाच्याच हातून होईल. अशी चूक अकाउंट्समध्ये खरोखर आहे आणि मी ती परत येणाऱ्या दोन-तीन जणींच्या हातून होताना स्वतः पाहिलीय. ती नीट समजून घ्या.

सुजाता सरावासाठी एक बिल बनवते: सुरतच्या पार्टीकडून २०० नग, दर ५००, म्हणजे १,००,००० रुपयांचा माल, त्यावर आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या मालावरचा जीएसटी, १८ टक्के, १८,००० रुपये. तिच्या काळात परराज्यातल्या मालावर सीएसटी लागायचा, सी फॉर्म दिला तर जून २००८ पासून २ टक्के. आणि त्या सीएसटीचा सेट-ऑफ मिळत नसे. महाराष्ट्रात घेतलेल्या मालावरचा व्हॅट वजा करता यायचा, सीएसटी मात्र बुडीत. म्हणून चांगला अकाउंटंट सीएसटी मालाच्या किमतीतच धरायचा. सात वर्षं तिने हेच केलं. ‘सुरत’ हे नाव वाचलं की तिचा हात कर वेगळा काढत नाही, किमतीत मिसळतो. ती आयजीएसटीचे १८,००० खरेदीत टाकून मोकळी होते. जीएसटीत हे चूक आहे. आयजीएसटीचं क्रेडिट पूर्ण मिळतं, तो कर सरकारकडून येणं म्हणून वेगळाच ठेवायचा असतो.

पण तिला ते लगेच कळू देऊ नका. तिला स्वतःलाच शोधू द्या. ती पुढे जाते, त्यातले काही नग ५६० ने विकते. नगामागे साठ रुपये सुटायला हवेत. नफा-तोटा उघडते तर तोटा दिसतो. ती स्टॉक पाहते. दर ५०० च्या जागी ५९०. नगामागे ३० रुपये तोटा. आकडे बरोबर जुळताहेत, बेरीज चुकलेली नाही, तरी हिशेब खोटा आहे. रात्रीचे पावणेबारा झालेत. ही तिची खरी मुलाखत आहे आणि ती घरीच होते. अडाणी माणसाला हा ५९० खटकला नसता. तिला खटकतो, कारण ज्या मालाला साठ रुपये सुटतात तो तोट्यात दिसूच शकत नाही हे तिला ठाऊक आहे. तिची वर्षं वाया गेली नाहीत हे तुम्हाला सांगायचंय ना, ते त्या खटकण्यात आलं.

आता तिने कोणाला तरी विचारायला हवं, आणि इथे तुम्ही नवऱ्याला आणलंत तर कथा घसरेल. तिच्या जुन्या ऑफिसात तिच्या हाताखाली आलेली एक मुलगी असू द्या, वैशाली म्हणू. सुजातानेच तिला व्हाउचर लिहायला शिकवलेलं. ती आज कुठल्याशा कंपनीत अकाउंट्स बघते. सुजाता तिला सकाळी फोन करते, मुलाचा डबा भरता भरता.

‘ताई, आयजीएसटी खर्चात टाकलात होय? त्याचं क्रेडिट मिळतं आता.’

‘परराज्यातलं असलं तरी?’

‘असलं तरी. सी फॉर्म गेला, ताई.’

सुजाता थोडा वेळ काही बोलली नाही. सुरतच्या पार्टीचे फोन तिला आठवले. ‘बेन, सी फॉर्म क्यारे?’ दर तिमाहीला. ती प्रत्येकाचा हिशेब एका लांबट वहीत ठेवायची, कोणाचा दिला, कोणाचा राहिला.

‘मग त्या वह्यांचं काय केलं?’ तिने विचारलं.

‘कुठल्या वह्या?’ वैशाली म्हणाली.

संवाद एवढाच ठेवा. पण वैशालीला फोन ठेवायच्या आधी आणखी एक गोष्ट सांगू द्या, कारण नुसतं ‘तुझं सगळं जुनं झालं’ हेही खरं नाही. व्हॅटच्या ऑडिट रिपोर्टला, फॉर्म ७०४ ला, जे-वन आणि जे-टू अशा याद्या जोडायच्या असत. विकणाऱ्याने जे-वनमध्ये दाखवलेली विक्री आणि घेणाऱ्याने जे-टूमध्ये दाखवलेली खरेदी विक्रीकर खातं ताडून पाही. जुळली नाही की सेट-ऑफ अडायचा आणि मग अकाउंटंटने पार्टीला फोन करत बसायचं. आज हेच काम दर महिन्याला होतं. पुरवठादाराने अकरापर्यंत विक्री दाखवली की ती चौदा तारखेला तुमच्या टू-बीमध्ये, म्हणजे तुम्हाला मिळणाऱ्या क्रेडिटच्या यादीत, येते. नाही दाखवली तर येत नाही, आणि १ जानेवारी २०२२ पासून जे पुरवठादाराने दाखवलेलंच नाही त्याचं क्रेडिट घेता येत नाही. म्हणजे पुन्हा फोन. वैशाली एवढंच म्हणेल, ‘जे-वन जे-टू आठवतं ना? तेच आहे. वर्षातून एकदा करायचो, आता महिन्याला करायचं.’ सुजाताच्या हातातला डबा तसाच राहतो. जे काम तिला सगळ्यात चांगलं यायचं, गोड बोलून पार्टीकडून चूक दुरुस्त करून घेणं, ते मेलेलं नाही. त्याचं नाव बदललंय.

नावावरून कागदपत्रांकडे येते. साडी निवडण्याच्या प्रसंगाच्या जागी फाइल लावण्याचा प्रसंग घाला. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं नुसतं आडनाव बदलत नाही, मधलं नावही बदलतं, म्हणजे वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं. काही घरांत पहिलंही बदलतात. तुमच्या सुजाताचं बदललं असेल तर तिची पदवी एका अनोळखी मुलीच्या नावावर आहे. फाइलमध्ये पदवी माहेरच्या नावाची, आधार आणि पॅन सासरच्या नावाचं, जुन्या ऑफिसात नाव बदलून घेतलं नसेल तर तिथलं अनुभवपत्रही माहेरच्या. या दोघी एकच आहेत हे सांगायला मधे विवाह नोंदणीचा दाखला ठेवावा लागतो किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रत. मी मुलाखतीला बसले असताना एक बाई हा दाखला विसरून आल्या होत्या आणि पाच मिनिटं माफी मागत राहिल्या, स्वतःच्याच पदवीबद्दल. ते मला कधी विसरता आलं नाही.

शिवाय एक बारकावा तुम्हाला आयता मिळतोय. नाशिकची कॉलेजं पुणे विद्यापीठाखाली. २००६ च्या पदवीवर ‘पुणे विद्यापीठ’ असं असणार. २०१४ साली त्याचं नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. पदवी हातात आल्यापासूनच्या वर्षांत तिचं नाव, विद्यापीठाचं नाव, कराचं नाव, सगळंच बदललं. हे तिन्ही एका ओळीत मांडण्याचा मोह होईल. मांडू नका, फाइलमध्ये एकामागोमाग कागद ठेवताना वाचकाला दिसू द्या.

मग घर. तुमच्या मसुद्यात सासू टोमणे मारते आणि नवरा पाठीशी उभा राहतो. दोघंही कथेला उपयोगी नाहीत, कारण त्यांच्यापुढे कुठलाच खरा प्रश्न ठेवलेला नाही. अकाउंटंटच्या घरापुढचा खरा प्रश्न एकच: ११ ला आणि २० ला ती साडेसहाला घरी येणार नाही, नऊ वाजतील, तेव्हा काय? तिला हे माहीत आहे. म्हणून ती काय करते, तर स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटते. ज्या कॅलेंडरवर दुधाच्या खुणा असतात, गॅस कधी लावला ते लिहिलेलं असतं, त्यावर ती पेन्सिलीने सप्टेंबरात गोल करते: ७ ला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-वन, २० ला थ्री-बी.

आणि २०२४ चा सप्टेंबर घ्याच, असं मी उगाच म्हणत नाही. त्या वर्षी ७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती आणि ११ ला गौरीपूजन. हा योग तुम्ही कल्पनेने रचला असता तर कोणी विश्वास ठेवला नसता. पंचांगाने तो दिलाय.

‘सासूबाई चष्मा लावून कॅलेंडरपाशी आल्या. “हे अकराला गोल कशाचं?”

“नोकरी लागली तर त्या दिवशी उशीर होईल. रिटर्न असतं.”

“अकराला गौरी जेवायच्या.”

“हो.”

सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. गोल तिथंच होता. “पुरण आदल्या रात्री घाटून ठेवशील?”

“ठेवीन.”

“सोळा भाज्या मला एकटीला चिरवायच्या नाहीत.”

“रात्रीच चिरून ठेवते, आई.”

त्या पुढे काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने सुजाता पाणी प्यायला आली तेव्हा गोलाशेजारी त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: पुरण, १० रात्री.’

सासूबाईंनी परवानगी दिली का? दिलीही आणि दिलीही नाही. काम वाटून घेतलं, पण रात्रीचं दुप्पट सुजातावरच ठेवलं. आपल्या बहुतेक घरांत हे असंच होतं, आणि म्हणूनच मला हा प्रसंग टोमण्यांपेक्षा जास्त टोचतो. नवऱ्याला इथे एखादं छोटं काम द्या, रविवारी जुना कॉम्प्युटर स्वच्छ करून टेबलावर आणून ठेवण्याचं. त्याच्याकडून भाषण नको.

‘मधली अकरा वर्षं काय केलंत?’ हा प्रश्न आणि त्यावरचं बाणेदार उत्तर, दोन्ही कापा. मला त्या उत्तराचा राग नाही, ते खोटंही नाही. पण मी इतक्या मुलाखतींना बसले, घराचं बजेट म्हणजे अकाउंट्सचा अनुभव असं म्हणणाऱ्या उमेदवाराचं पुढे काय होतं ते सांगते. समोरचा मान हलवतो, हसतो आणि बिलं देत नाही. त्याला वाटतं, हिला कामाबद्दल सांगण्यासारखं काही राहिलेलं नाही. उलट जी म्हणते, ‘व्हॅटमध्ये सात वर्षं केलं, जीएसटीत प्रत्यक्ष काम नाही, गेले दोन महिने घरी टॅली प्राइमवर सराव केला, आयजीएसटी खर्चात टाकायची जुनी सवय होती ती मोडली,’ तिच्यापुढे बिलं सरकवली जातात. अशी ओळ सुजाताने आदल्या रात्री कागदावर लिहून काढावी, तीन वेळा खोडून. तिसऱ्या वेळी ‘माफ करा’ हा शब्द खोडलेला असेल, एवढं दाखवलंत तर पुरे.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. खूप वर्षांपूर्वी मी एका कारखान्यात होते. तिथे एका बाईंचा अर्ज आला, नऊ वर्षांचा खंड होता. त्यांना बोलावलं, मुलं किती मोठी आहेत ते विचारलं, आजारी पडली तर कोण बघणार ते विचारलं आणि कॉम्प्युटरपाशी न नेता परत पाठवलं. मी त्या खोलीत सगळ्यात धाकटी होते. बिलांचा गठ्ठा माझ्याच हातात होता. मी तो पुढे केला नाही. तुमच्या कथेत मुलाखत घेणाऱ्यांत एक अशी बाई ठेवता आली तर ठेवा, जिच्या हातात गठ्ठा आहे. तिच्या मनातलं काही लिहू नका.

आता शेवट. नोकरी मिळाली हे पान काढा. नाही मिळाली असाही शेवट नको, तो आजकाल तितकाच सरावाचा झालाय. कथा तयारीची आहे, तर ती तयारी जिथे संपते तिथे थांबायला हवी. ती जागा कॉम्प्युटरपुढची आहे. तिला बिलं मिळाली. त्यातलं एक सुरतचं असू द्या. वाचक पुढे झुकेल, कारण ५९० त्याला आठवतोय. पण ती नोंद पुरी होईपर्यंत थांबू नका. त्याच्या आधीच एक क्षण येतो. टॅलीत नोंद करण्याआधी `F2` दाबून तारीख घालावी लागते. दोन महिने तिने १, २ आणि ३१ शिवाय दुसरी तारीख घातलेली नाही. कारखान्यातलं टॅली लायसनचं आहे.

पाठवण्याआधी अकाउंट्समधल्या कोणाकडून तरी हा भाग वाचून घ्या. सोबत बसून बटणं खरोखर दाबून पाहा, कारण टॅलीची आवृत्ती बदलली की जागा बदलतात आणि ज्या वाचकाचा हात त्यावर बसलाय त्याला एक चुकीचं बटण लगेच कळतं. शेवटचा परिच्छेद मी लिहिला असता तर असा:

‘बाहेर पाऊस लागला होता. पत्र्यावर त्याचा आवाज येत होता. मॅडमनी सहा बिलं टेबलावर ठेवली आणि घड्याळाकडे पाहिलं. “वीस मिनिटं आहेत. सुरुवात करा.” सुजाताने पहिलं बिल उचललं. वर तारीख होती, आजचीच. `F2`. सवयीने तिचं बोट एकच्या आकड्यावर गेलं. तिथून तिने ते उचललं, आणि दोन टाकला, मग आणखी एक दोन. बावीस. आठ. चोवीस. एंटर. ती थांबली, पडदा काही म्हणतो का पाहत. पडदा काही म्हणाला नाही. कर्सर पुढच्या रकान्यात जाऊन लुकलुकत उभा राहिला.’